अपॉइंटमेंट चुकवलेल्या पेशंटला ५०० रुपये मागायचे आहेत, पण पेशंट गमवायचा नाही. मेसेज कसा लिहू?

दंतकथा
मी दंतवैद्य आहे. कराडजवळच्या एका गावात स्वतःचं छोटं क्लिनिक आहे: एक खुर्ची, एक मदतनीस, एक रिसेप्शनवरची मुलगी. अवघड रूट कॅनालसाठी कोल्हापूरहून एक एन्डोडॉन्टिस्ट दर महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी येतात. येताना त्यांची अवजारं घेऊन येतात आणि केसमागे पैसे घेतात. एखादी केस रद्द झाली तरी गाडीखर्च म्हणून हजार रुपये मी त्यांना देते. तसं आमचं पहिल्यापासून ठरलेलं आहे.

काल १४ तारखेला ११ वाजता एका निवृत्त शिक्षकांचं दुसरं सिटिंग होतं. ६ तारखेला रात्रभर दाढ ठणकतेय म्हणून आले होते. मी दाढ उघडली, आतली नस काढली, औषध भरलं आणि वरून तात्पुरतं सिमेंट लावून दिलं. मागच्या मुळातली नळी वाकडी आणि अरुंद आहे, म्हणून उरलेलं काम कोल्हापूरच्या डॉक्टरांकडे ठेवलं. काल सर आले नाहीत. दोनदा फोन केला, उचलला नाही. खुर्ची सव्वा तास रिकामी आणि डॉक्टर आमच्याकडचा चहा पीत मोबाईल बघत बसलेले.

क्लिनिकमध्ये पाटी आहे: "२४ तास आधी न कळवता अपॉइंटमेंट चुकल्यास रु. ५०० आकारले जातील." वर्षभर लावून ठेवली आहे, पैसे मात्र आजवर एकाकडूनही घेतलेले नाहीत. या वेळी रिसेप्शनच्या मुलीने स्वतःहून मेसेज लिहून ठेवलाय. पाठवण्याआधी तुम्हाला दाखवते:

> प्रिय पेशंट, आपण दि. १४ रोजी अपॉइंटमेंट घेऊनही उपस्थित राहिला नाहीत व पूर्वसूचनाही दिली नाहीत. नियमानुसार आपणांस रु. ५०० कॅन्सलेशन चार्ज लागू झाला आहे. कृपया पुढील अपॉइंटमेंटपूर्वी भरणा करावा.

सर माझ्या भावाला गणित शिकवायचे. घरातली पाचही माणसं माझ्याचकडे येतात. पैसे सोडून द्यावेत असंही वाटत नाही, आणि हा मेसेज पाठवायला हातही होत नाही.

सातारी_कंदी
मेसेज वाचून आधी वीज तोडायला येताहेत असं वाटलं.

तुमचं ठीक आहे हो, पण पेशंटची बाजू? आमच्या डॉक्टरांकडे ६ची वेळ म्हणजे साडेसातला नंबर. त्या दीड तासाचे मी कुणाकडे मागू?

दंतकथा
बोलणं रास्त आहे. माझ्याकडेही वीस-पंचवीस मिनिटं मागे-पुढे होतं. कन्सल्टंटच्या दिवशी मात्र होत नाही, कारण त्यांना परत जायचं असतं.

कवठेकर_वसुली
सहकारी बँकेत तीस वर्षं काढली, त्यातली अकरा वसुली विभागात. माझा अनुभव सांगतो. पहिलं पत्र कडकच हवं. मऊ लिहिलं की माणूस समजतो, यांना गरज नाही. रक्कम ठळक, मुदत ठळक, खाली सही. मुलीने बरोबर लिहिलंय. फक्त "प्रिय पेशंट" काढा आणि नाव घाला, नाव घातलं की माणूस दचकतो.

उंबरठ्यावरचा_डॉक्टर
कवठेकर साहेब, नाव घालावं हे पटलं. बाकीचं बँकेत चालत असेल. तुमच्या कर्जदाराला बँक सोडून जाता येत नव्हतं. इथे सर उद्या शेजारच्या गल्लीतल्या डॉक्टरकडे जातील आणि जाताना चार माणसं घेऊन जातील.

नाशिकला माझी अठ्ठावीस वर्षांची प्रॅक्टिस आहे. या मेसेजमध्ये मला सगळ्यात खटकलं ते शेवटचं वाक्य, "पुढील अपॉइंटमेंटपूर्वी भरणा करावा". दंतकथाताई, सरांची दाढ आत्ता उघडी आहे. नस काढलीय, औषध भरलंय, वर तात्पुरतं सिमेंट. ते सिमेंट भरवशाचं म्हणजे दोन-तीन आठवडे. पुढे कडेने झिरपायला लागतं, लाळेबरोबर जंतू आत जातात आणि तुम्ही केलेली सफाई वाया जाते. त्यात ही मागची दाढ, आतून पोकळ झालेली, वर कॅप नाही. एखादा चण्याचा दाणा नको तिथे आला की उभी चिरते, आणि तशी चिरली की बहुतेक वेळा काढावीच लागते. अशा दाढेच्या मालकाला "आधी ५०० भरा, मग या" म्हणायचं? तो संकोचाने किंवा रागाने यायचाच नाही. उपचार निम्म्यावर आणून पैशासाठी दार अडवलं, अशी कुणी तक्रार केली तर ५०० रुपयांच्या बदल्यात तुम्हालाच उत्तरं देत बसावं लागेल. घ्यायचे असतील तर पैसे वेगळे घ्या, काम संपल्यावर घ्या, पण दाढेच्या आड ते येऊ देऊ नका.

आणि एक विचारतो. सर का आले नाहीत, याचा अंदाज आहे का? मला आहे.

दंतकथा
दुखायचं थांबलं म्हणून?

उंबरठ्यावरचा_डॉक्टर
अर्थात. पहिल्या सिटिंगनंतर नस गेली, ठणका गेला. पेशंटच्या लेखी उपचार संपला. दुसरं सिटिंग चुकवणारे माझ्याकडचे बहुतेक जण बेफिकीर नसतात, त्यांना आपण बरे झालो असं मनापासून वाटत असतं. म्हणून त्यांना नियम सांगून काही हलत नाही. "दुखत नाही, पण काम अर्धं आहे" हे एक वाक्य मेसेजमध्ये हवंच. तुमच्या मुलीच्या मेसेजमध्ये दाढेचं नावसुद्धा नाही.

भोपळे_काका
रूट कॅनालचे किती घेता? मला पुण्यात कॅपसकट चौदा हजार सांगितलेत. ते जास्त आहेत का? आणि कॅप धातूची चांगली की पांढरी?

दंतकथा
काका, त्यासाठी वेगळा धागा काढा ना. दाढ कुठली, कॅप कशाची, यावर सगळं अवलंबून असतं.

कलमबहाद्दर
मुळात असे पैसे घेणं बेकायदेशीर आहे. जी सेवा दिलीच नाही तिचे पैसे घेता येत नाहीत. ग्राहक आयोगात गेलात तर उलटे तुम्हालाच भरावे लागतील.

अॅडव्होकेट_माहेरची
कलमबहाद्दर, अर्धं बरोबर आहे. हे पैसे सेवेचे नाहीतच, झालेल्या नुकसानीची भरपाई आहे. आपला १८७२चा करार कायदा आहे, त्याचं ७४वं कलम म्हणतं की करार मोडला तर किती द्यायचे हे आधी ठरलेलं असेल, तर त्या रकमेच्या आत राहून वाजवी भरपाई मिळू शकते. ठरलेला आकडा म्हणजे छत, हक्काची रक्कम नव्हे. दुसऱ्या बाजूला २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अन्याय्य कराराची व्याख्या आहे, आणि तोट्याच्या मानाने अगदीच अवाच्या सवा दंड लावणं त्यात बसतं. इथे डॉक्टरांच्या खिशातून हजार गेले आणि त्या मागताहेत ५००. रकमेवर कुणी बोट ठेवेल असं मला वाटत नाही.

अडचण वेगळीच आहे. "आधी ठरलेलं असेल तर" हे शब्द पुन्हा वाचा. सरांशी हे ठरलं होतं का? पाटी नेमकी कुठे आहे?

दंतकथा
रिसेप्शनच्या मुलीच्या खुर्चीमागे. कॅलेंडरच्या शेजारी.

अॅडव्होकेट_माहेरची
आणि सर ६ तारखेला आले तेव्हा रात्रभर जागलेले, गालावर हात. त्यांनी ती पाटी वाचली आणि मान्य केली, असं तुम्ही शपथेवर सांगाल का? केसपेपरवर एक ओळ आणि खाली सही असती, किंवा अपॉइंटमेंट पक्की करताना मेसेजमध्ये लिहिलेलं असतं, तर मी म्हटलं असतं मागा. या वेळचे मागू नका. कायदा बाजूला ठेवला तरी, न सांगितलेल्या नियमाचे पैसे मागितले की माणसाला फसवल्यासारखं वाटतं.

कवठेकर_वसुली
म्हणजे सोडून द्यायचे? मग पाटी कशाला लावलीत? एकाला सोडलंत की गावाला कळतं.

अॅडव्होकेट_माहेरची
सोडा, पण गुपचूप नको. "नियम असा आहे, या वेळी घेत नाही" असं लिहून सोडा. मग पुढच्या वेळी "मला माहीत नव्हतं" म्हणायची सोय राहत नाही.

रिसेप्शनवाली_नीता
मी डोळ्यांच्या दवाखान्यात सात वर्षं फोनवर आहे. डॉक्टर, तुमच्या मुलीला एक विचारा: आदल्या दिवशी आठवण केली होती का, आणि कुठल्या नंबरवर? वयस्कर पेशंट असला की केसपेपरवर नंबर बहुतेक वेळा मुलाचा असतो, कारण पहिल्यांदा अपॉइंटमेंट मुलाने घेतलेली असते. मुलगा असतो हिंजवडीत मीटिंगमध्ये. आठवण त्याला जाते, तो अंगठा टाकतो आणि विसरतो. वडिलांना पत्ताच नसतो. आमच्याकडे मोतीबिंदूच्या दोन तारखा अशाच गेल्यात.

दंतकथा
आत्ता रजिस्टर बघितलं. नीताताई, नमस्कार घ्या. नंबर मुलाचाच आहे, पुण्यात असतो. शुक्रवारी आठवणीचा मेसेज त्याला गेला, काल दोन्ही फोन त्यालाच केले. सरांचा स्वतःचा नंबर आमच्याकडे नाहीच.

म्हणजे हा ५००चा मेसेजही पोराकडेच गेला असता. त्याने वडिलांना फोन करून झाडलं असतं, की तुमच्यामुळे दंड बसला. शोभा झाली असती.

सातारी_कंदी
आता मला तुमची बाजू जरा पटायला लागली होती, तेवढ्यात हे. मेसेज भलत्याला आणि दंड सरांना!

मावशी_डोंबिवली
नंबरवरून आठवलं. आमच्या नात्यातल्या एका काकूंना कवळी आहे, हे सुनेला माहीत नव्हतं. लग्नाच्या गडबडीत कुणाला कळू दिलं नव्हतं. क्लिनिकचा मेसेज आला, "आपली कवळी तयार आहे, घेऊन जावी." फोन होता नातवाच्या हातात, त्याने जेवणाच्या ताटावर मोठ्याने वाचून दाखवलं. काकूंनी डॉक्टर बदलला. तेव्हा दाताचं काय केलं ते मेसेजमध्ये लिहूच नका.

उंबरठ्यावरचा_डॉक्टर
मावशी, हा मुद्दा माझ्या लक्षात यायला हवा होता. मी वर म्हटलं दाढेबद्दल लिहा, आणि तुम्ही म्हणता लिहू नका. दोन्ही साधायचं तर पहिल्यांदा फोन. मेसेज नंतर, आणि तोही पेशंटच्या स्वतःच्या नंबरवर. नंबर दुसऱ्या कुणाचा असेल तर फक्त "उपचार अर्धा राहिला आहे, फोन करा" इतकंच.

लीड्सची_मृण्मयी
इथे इंग्लंडमध्ये एनएचएसच्या, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेच्या दंतवैद्याला चुकलेल्या अपॉइंटमेंटचे पैसे घेताच येत नाहीत. खाजगीवाले घेतात. पण एनएचएसवाल्यांच्या हातात एक गोष्ट असते: तो उपचार तिथेच संपवून टाकतात, मग पुन्हा नव्याने सुरू करायचा आणि नव्याने फी भरायची. माझ्या नवऱ्याचं असंच झालं. पत्र इतकं गोड होतं की आपल्याला काढून टाकलंय हे त्याला दुसऱ्यांदा वाचल्यावर कळलं. तेव्हा गोड लिहा, पण काय होणार आहे ते कळेल असं लिहा.

अर्धघडी
थोडं वेगळं बोलतो. इस्रायलमधल्या हैफा शहरात काही पाळणाघरांवर केलेला एक प्रयोग २००० साली प्रसिद्ध झाला. मुलांना न्यायला पालक उशिरा यायचे, म्हणून दहापैकी सहा पाळणाघरांनी दहा मिनिटांपेक्षा जास्त उशिराला १० शेकेल दंड लावला. उशीर कमी व्हायच्या ऐवजी वाढला, जवळजवळ दुप्पट झाला. आधी बाई ताटकळताहेत याची लाज वाटायची. दंड आल्यावर लोक म्हणाले, पैसे भरतोय ना, मग बसू देत. पुढे दंड काढून टाकला तरी उशीर पहिल्यासारखा खाली आला नाही, कारण लाज एकदा गेली ती गेलीच.

तुमच्या सरांना न येण्याची लाज वाटणार आहे. तुम्ही तिची किंमत ५०० ठरवताय.

कवठेकर_वसुली
मग दंड पाच हजार करा. लाजही वाटेल आणि येतीलही.

उंबरठ्यावरचा_डॉक्टर
अर्धघडी, हे माझ्याकडे उलट्या बाजूने घडलंय. मी दंड कधीच लावला नाही. कन्सल्टंटच्या दिवसासाठी मात्र आगाऊ हजार रुपये घेतो आणि ते पूर्ण बिलात वळते करतो. पेशंट आला तर त्याचं काहीच गेलेलं नसतं. पैसे आधीच दिलेले असले की माणूस येतो, आणि न आल्यावर मागायची वेळ माझ्यावर येत नाही. फक्त पावतीवर लिहितो की आदल्या दिवशी ११ वाजेपर्यंत कळवलं तर परत मिळतील. दुखऱ्या दाताने पहिल्यांदा आलेल्या माणसाकडून मी आगाऊ घेत नाही, ते बरं दिसत नाही.

दंतकथा
आमच्याकडे आगाऊ मागितलं की "विश्वास नाही का" असं होतं. दोघांकडे मागून बघितले. एकाने लगेच दिले. दुसऱ्या बाई म्हणाल्या, "घरी विचारून सांगते", त्या परत आल्याच नाहीत.

शब्दवेल्हाळ
मुद्रितशोधन करतो, दातांचं मला काही कळत नाही. मेसेजच्या भाषेवर बोलतो.

मुलीच्या मेसेजमधली क्रियापदं बघा: "उपस्थित राहिला नाहीत", "दिली नाहीत", "लागू झाला आहे", "भरणा करावा". पहिल्याच वाक्यात दोनदा "नाहीत" आहे आणि दोन्ही वेळा चूक समोरच्याची. मग "लागू झाला आहे", म्हणजे कुणी लावला ते सांगायचं नाही, आभाळातून पडला. आपण एकमेकांशी असं बोलत नाही, कार्यालयं बोलतात. तेच "आपली वाट पाहिली" म्हटलं की न येणं कळतं, बोट मात्र रोखलं जात नाही. "दंड" तर टाळाच, आणि "चार्ज लागू" हेही टाळा. "क्लिनिक ५०० रुपये घेतं" इतकं साधं लिहा, कोण घेतंय हे त्यात येतं.

दुसरं, पैसे आणि विचारपूस एका मेसेजमध्ये घालू नका. "काळजी वाटली" म्हणून खाली ५०० लिहिलेत की वरची काळजी खोटी ठरते. माझे दोन मसुदे देतो. पहिला आज, फोन झाल्यावर:

> नमस्कार सर. काल सकाळी ११ वाजता आपली वाट पाहिली. फोन लागला नाही म्हणून काळजी वाटली. घरी सगळं ठीक आहे ना? दुखणं थांबलं असेल, पण काम अर्धं राहिलं आहे. वरचं सिमेंट तात्पुरतं आहे, तेव्हा त्या बाजूने कडक काही चावू नका. कोल्हापूरचे डॉक्टर २८ तारखेला शनिवारी परत येत आहेत. सकाळी १० की साडेअकरा, कोणती वेळ सोयीची पडेल?

वेळ विचारली आणि दोन पर्याय दिले, की उत्तर देणं सोपं जातं. "कधी येता" विचारलं की माणूस "बघतो" म्हणतो. दुसरा मसुदा त्यांनी वेळ सांगितल्यावर:

> २८ तारीख, शनिवार, साडेअकरा पक्कं. एक सांगायचं राहून गेलं होतं. बाहेरगावचे डॉक्टर वेळ राखून येतात, म्हणून त्या दिवशीची भेट शुक्रवारी सकाळी ११ पर्यंत न कळवता चुकली तर क्लिनिक ५०० रुपये घेतं. हे आधी सांगायला हवं होतं, म्हणून मागच्या वेळचे घेत नाही. अडचण आली तर याच नंबरवर कळवा, वेळ बदलून देऊ.

उंबरठ्यावरचा_डॉक्टर
झकास. एकच खोट, आणि ती दातांची आहे. ६ तारखेपासून २८ म्हणजे बावीस दिवस. सिमेंटच्या भरवशाची मुदत तिथेच संपते. तेवढं थांबू नका. मध्ये एकदा बोलवा, सिमेंट बघा, कडेने खचलेलं असेल तर बदला. दहा मिनिटांचं काम. त्याचे पैसे घेऊ नका आणि घेणार नाही असं आधीच सांगा. पेशंटला ओढून आणायला याहून चांगलं निमित्त मिळणार नाही, आणि दाढेलाही त्याची खरीच गरज आहे.

मावशी_डोंबिवली
"घरी सगळं ठीक आहे ना" हे फोनवरच विचारा, आणि बाकी बोलण्याआधी विचारा. माझी जाऊ गेली तेव्हा तिसऱ्या दिवशी दिरांना चष्म्याच्या दुकानातून "आपण ठरल्या वेळी आला नाहीत" असा मेसेज आला होता. घरात सुतक. दुकानदाराला काय माहीत, पण दीर अजून त्या दुकानासमोरून जात नाहीत.

दंतकथा
मुलाकडून सरांचा नंबर घेतला आणि मी स्वतः फोन केला. आधी घरचं विचारलं. सर शेतात होते, खणखणीत आवाज. म्हणाले, "अगं, दुखायचं थांबलं, म्हटलं झालं काम. पुन्हा यायचं होतं होय?" ६ तारखेला मी त्यांना सांगितलं होतं, पण तोंडात कापूस, जबडा बधिर आणि रात्रीची झोप नाही. त्यात १४ तारीख मी तोंडी सांगितली आणि कागदावर लिहून दिली मुलाला, कारण गाडी घेऊन तो आला होता. चूक निम्मी आमचीच निघाली.

शब्दवेल्हाळांचा पहिला मेसेज पाठवला. त्यात "बुधवारी १८ तारखेला दहा मिनिटं येऊन सिमेंट दाखवून जा, त्याचे पैसे नाहीत" ही ओळ घातली.

दंतकथा
बुधवारची हकीकत. सर आले. सिमेंटचा एक कोपरा उडालेला होता, बदललं. जाताना त्यांनी स्वतःच विचारलं, "परवाच्या त्या डॉक्टरांचा खर्च कुणी केला?" मी सांगितलं. त्यांनी पाकीट काढून पाचशेची नोट टेबलावर ठेवली. मी घेतली नाही. ते ठेवूनच निघाले, मदतनीस मागे पळाली. शेवटी २८च्या बिलात धरू म्हटलं, तेव्हा ऐकले. दुसरा मेसेज संध्याकाळी पाठवला. उत्तर आलं: "नियम योग्य आहे. पाटी मोठ्या अक्षरात लावावी."

सातारी_कंदी
मास्तर ते मास्तर.

कवठेकर_वसुली
बघा, दिलेच ना. मी काय म्हणत होतो?

रिसेप्शनवाली_नीता
कवठेकर काका, मागितले नाहीत म्हणून दिले.

दंतकथा
२८ची बातमी: सर अकरालाच हजर. चारही नळ्या भरून झाल्या, कॅपचं माप पुढच्या आठवड्यात घेणार आहे. पाटी खुर्चीमागून काढली. आता तीच ओळ अपॉइंटमेंटच्या कार्डावर छापून घेतली आहे, आणि केसपेपरवर नंबरसाठी दोन रकाने केलेत: पेशंटचा आणि घरच्यांचा.

एक मात्र अडलंय. दुसरे एक गृहस्थ आहेत, तिसऱ्यांदा चुकवलंय. कॅप लॅबमधून येऊन महिना झाला, लॅबचे पैसे मी भरून बसलेय. कॅपसाठी दात घासून ठेवलेला आहे, तात्पुरती कॅप निघून पडली तरी आलेले नाहीत. मधल्या काळात शेजारचा दात सरकला असेल तर आता ही कॅप बसेल की नाही, हेही सांगता येत नाही. बसली नाही तर नव्या मापाचे पैसे कुणी द्यायचे? यांना आधीच सगळं लिहून दिलंय, सही आहे. तरी मागायला जीभ रेटत नाही, कारण ते आमचे घरमालक आहेत.

अॅडव्होकेट_माहेरची
भाडेकरार किती वर्षांचा आहे?

उंबरठ्यावरचा_डॉक्टर
आधी कॅप बसवून बघा. पैशांचं त्यानंतर.

कवठेकर_वसुली
भाड्यातून वळते करा.

भोपळे_काका
मी धागा काढला होता, तिथे कुणी उत्तर दिलं नाही. धातूची की पांढरी?